८०५१ टायमरच्या मोडांची तुलना: तक्ता बरोबर, पण रीलोड व्हॅल्यू चुकते, ती का?

"८०५१ च्या टायमर मोडांची तुलना करा आणि प्रत्येक मोडसाठी रीलोड व्हॅल्यू काढून दाखवा." हा प्रश्न चार गुणांचा असो की आठ, उत्तराचा पहिला अर्धा भाग बहुतेकांना येतो. १३ बिट, १६ बिट, ८ बिट ऑटो-रीलोड, स्प्लिट टायमर हे पाठ असतं. गुण जातात ते पुढच्या अर्ध्या भागात, आकडे मांडताना. तेच आकडे प्रॅक्टिकलला किटवर टाकले की १ किलोहर्ट्झच्या जागी ६९ हर्ट्झ किंवा ९७६ हर्ट्झ येतात. मग दोष किटच्या माथी मारला जातो, नाहीतर लाईन जाऊन-येऊन किट बिघडलं असं धरलं जातं. किट बहुतेक वेळा ठीक असतं. येणारी वारंवारता नीट पाहिली तर कुठली चूक झाली ते तीच सांगते.

म्हणून एकच उदाहरण घेऊ आणि ते सगळ्या मोडांतून नेऊ. क्रिस्टल १२ मेगाहर्ट्झ, पिन `P1.5`, आणि १ किलोहर्ट्झची चौरस लहर हवी. परीक्षेतही असंच करावं. प्रत्येक मोडला वेगळं उदाहरण घेतलं तर तुलना होतच नाही, चार सुटी गणितं होतात.

आधी मोजणी. १ किलोहर्ट्झचा एक पूर्ण आवर्तनकाळ १००० मायक्रोसेकंदांचा. पिन अर्धा वेळ १ आणि अर्धा वेळ ० राहते, म्हणून टायमरने दर ५०० मायक्रोसेकंदांनी ओव्हरफ्लो व्हायला हवं. मूळ ८०५१ मध्ये क्रिस्टलचे १२ ठोके मिळून एक मशीन सायकल होते आणि टायमर दर मशीन सायकलला एकाने वाढतो. १२ मेगाहर्ट्झला ही सायकल बरोबर १ मायक्रोसेकंदाची, म्हणून हवे असलेले काउंट ५००. अर्ध्या आवर्तनाऐवजी पूर्ण १००० काउंट घेणं ही इथली नेहमीची चूक. तसं केलं की वारंवारता थेट निम्मी, ५०० हर्ट्झ येते.

मोड १: ६५५३६ घ्यायचे, ६५५३५ नाही

१६ बिट टायमर `FFFF` वर पोहोचला म्हणजे ओव्हरफ्लो झाला असं अनेकजण धरतात. तसं होत नाही. `FFFF` नंतर आणखी एक ठोका लागतो, तेव्हा तो `0000` वर जातो आणि `TF0` उचलला जातो. म्हणून वजाबाकी ६५५३६ मधून करायची:

```
65536 - 500 = 65036 = FE0CH
TH0 = FEH, TL0 = 0CH
```

६५५३५ मधून केली तर `FE0BH` येतं आणि ५०१ काउंट होतात. किटवर ही चूक दिसतही नाही, पण उत्तरपत्रिकेत तपासणारा हाच शेवटचा अंक बघतो.

आता प्रोग्राम:

```
       MOV  TMOD,#01H
HERE:  MOV  TL0,#0CH
       MOV  TH0,#0FEH
       CPL  P1.5
       SETB TR0
WAIT:  JNB  TF0,WAIT
       CLR  TR0
       CLR  TF0
       SJMP HERE
```

`#0FEH` मधलं पुढचं शून्य विसरू नका. नुसतं `#FEH` लिहिलं तर असेंबलर त्याला लेबल समजतो आणि एरर देतो. अक्षराने सुरू होणाऱ्या प्रत्येक हेक्स आकड्यापुढे शून्य लागतंच.

हा प्रोग्राम बरोबर आहे, तरी मीटरवर १००० दिसत नाही, ९७६ च्या आसपास दिसतं. कारण मोड १ मध्ये रीलोड आपण स्वतः करतो आणि तो करताना टायमर थांबलेला असतो. `JNB` मधून बाहेर पडायला साधारण २ सायकल, दोन `CLR` च्या २, `SJMP` च्या २, दोन `MOV` च्या ४, `CPL` आणि `SETB` च्या २, अशा सुमारे १२ सायकल प्रत्येक अर्ध्या आवर्तनात वाढतात. ५०० चे ५१२ होतात आणि १०२४ मायक्रोसेकंदांचं आवर्तन म्हणजे ९७६ हर्ट्झ. प्रश्नात "सूचनांचा वेळ धरू नका" असं म्हटलं असेल तर `FE0C` हेच उत्तर. तसं म्हटलं नसेल तरी `FE0C` लिहा आणि खाली एक ओळ जोडा, की सूचनांच्या १२ सायकल भरून काढायला रीलोड १२ ने वाढवून `FE18H` घ्यावं लागतं. ही ओळ लिहिणारे फार थोडे असतात आणि मोड २ कशासाठी आहे हे तिच्यातूनच कळतं.

मोड ० : सगळ्यात जास्त गुण इथेच जातात

हा मोड १३ बिटांचा, म्हणजे ८१९२ काउंट. वजाबाकी सोपी आहे:

```
8192 - 500 = 7692 = 1E0CH
```

आणि मग सवयीने `TH0 = 1EH`, `TL0 = 0CH` लिहिलं जातं. इथेच घोळ होतो. हेक्सचे दोन-दोन अंक तोडणं म्हणजे ८ आणि ८ बिट तोडणं. मोड ० मध्ये तोड ८ आणि ५ ची आहे. `TL` चे फक्त खालचे पाच बिट मोजतात आणि ते भरले की थेट `TH` ला हातचा जातो. `TL` चे वरचे तीन बिट या मोजणीत नसतातच.

अशी विचित्र रचना का, हे एका वाक्यात लिहिलं तर उत्तराला वजन येतं. ८०५१ च्या आधीच्या ८०४८ मध्ये ८ बिटांचा टायमर होता आणि त्याच्या पुढे ३२ ने भागणारा प्रीस्केलर. पाच बिट म्हणजे बरोबर ३२. जुन्या चिपसाठी लिहिलेली मोजणी नव्या चिपवर तशीच बसावी म्हणून १९८० मध्ये आलेल्या ८०५१ ला इंटेलने हा मोड दिला. हे डोक्यात असलं की तोड कुठे करायची ते पाठ करावं लागत नाही: ३२ ने भागा, भागाकार `TH` मध्ये, बाकी `TL` मध्ये.

```
7692 / 32 = 240, बाकी 12
TH0 = 240 = F0H
TL0 = 12  = 0CH
```

बायनरीतून पडताळा घ्यायचा तर ७६९२ तेरा बिटांत लिहा, `1111000001100`. डावीकडचे आठ `11110000` म्हणजे `F0`, उजवीकडचे पाच `01100` म्हणजे `0C`. परीक्षेत हा बायनरीचा टप्पा दाखवावाच. नुसतं `F0`, `0C` लिहिलं तर ते कुठून आलं हे तपासणाऱ्याला दिसत नाही.

चुकीचं `1E`, `0C` टाकलं तर काय होतं ते बघू. टायमर ते ३० × ३२ + १२ = ९७२ असं वाचतो. ओव्हरफ्लोला ८१९२ − ९७२ = ७२२० काउंट लागतात. अर्धं आवर्तन ५०० ऐवजी ७२२० मायक्रोसेकंदांचं होतं आणि पिनवर सुमारे ६९ हर्ट्झ येतात. मीटरवर ६९ दिसले की क्रिस्टल, वायर, किट काही तपासत बसू नका, मोड ० ची तोड तपासा.

यातली एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. `TL` या चुकीच्या पद्धतीतही बरोबरच आला, `0C`. तो योगायोग नाही. कुठल्याही आकड्याचे शेवटचे पाच बिट तेच राहतात, मग तोड कुठेही करा. चूक नेहमी `TH` मध्ये असते. म्हणून "अर्धं उत्तर जुळतंय, म्हणजे पद्धत बरोबर असावी" असं मनाला समजावू नका.

मोड २: ५०० मावत नाही, तेव्हा काय?

८ बिटांत जास्तीत जास्त २५६ काउंट मावतात. ५०० एका ओव्हरफ्लोत बसत नाही हे आधी स्पष्ट लिहा. बरेचजण तसंच २५६ − ५०० करतात, ऋण उत्तर आलं की गोंधळतात आणि `FE0C` मधला `0C` उचलून `TH0` मध्ये टाकतात. `0C` म्हणजे १२, म्हणजे २४४ काउंट, आणि पिनवर जवळजवळ दुप्पट, २०४९ हर्ट्झ.

रीत अशी: ५०० चे दोन समान भाग करा, २५० आणि २५०. दर दुसऱ्या ओव्हरफ्लोला पिन उलटवा.

```
256 - 250 = 6
TH0 = 06H

       MOV  TMOD,#02H
       MOV  TH0,#06H
       MOV  TL0,#06H
       MOV  R7,#02
       SETB TR0
WAIT:  JNB  TF0,WAIT
       CLR  TF0
       DJNZ R7,WAIT
       MOV  R7,#02
       CPL  P1.5
       SJMP WAIT
```

इथे टायमर कधीच थांबत नाही. `TL0` ओव्हरफ्लो झाला की हार्डवेअर त्याच क्षणी `TH0` मधला ६ त्यात उतरवतं आणि मोजणी पुढे चालू राहते. `CLR`, `DJNZ`, `CPL` ला लागणारा वेळ टायमर मोजत असतानाच खर्च होतो. पिन उलटायला दोन-चार सायकल मागेपुढे होतील, पण ती चूक साचत नाही. सरासरी वारंवारता बरोबर १००० हर्ट्झ राहते. मोड १ चे ९७६ आणि मोड २ चे १००० हे शेजारी मांडले की तुलनेचा खरा मुद्दा लिहून झाला.

`TL0` मध्येही सुरुवातीला ६ टाकला आहे, तो कशासाठी? `TH0` मधून उतरवणं पहिल्या ओव्हरफ्लोनंतर सुरू होतं. `TL0` शून्य असेल तर पहिला फेरा २५० ऐवजी २५६ काउंटचा होतो. लहरीसाठी ते नगण्य आहे, पण एकदाच द्यायच्या विलंबासाठी नाही.

मोड ३

यावर फार लिहू नये, पण जे लिहाल ते नेमकं हवं. टायमर ० चे दोन स्वतंत्र ८ बिटी भाग होतात. `TL0` स्वतःचे `TR0`, `TF0` वापरतो. `TH0` हा टायमर १ चे `TR1` आणि `TF1` उसने घेतो, आणि तो फक्त टायमर म्हणून चालतो, बाहेरचे ठोके मोजत नाही. टायमर १ ला मोड ३ मध्ये टाकलं तर तो आहे त्या आकड्यावर थांबतो.

चूक होते ती अशी: ८ बिट म्हटलं की मोड २ सारखं ऑटो-रीलोड असेल असं धरलं जातं. मोड ३ मध्ये ऑटो-रीलोड नाही. आपल्या उदाहरणात `TL0 = 06H` प्रत्येक वेळी प्रोग्राममधून भरावा लागतो, म्हणजे मोड १ चाच उशीर इथेही येतो. हा मोड कामी येतो तो टायमर १ सीरियल पोर्टच्या बॉड रेटला गुंतलेला असताना. `TMOD = 23H` केलं की टायमर १ मोड २ मध्ये बॉड रेट देत राहतो आणि टायमर ० चे दोन टायमर मिळतात. तेव्हा टायमर १ ला `TR1` लागत नाही, कारण `TR1` आता `TH0` च्या ताब्यात आहे.

उत्तरपत्रिकेत तक्ता एवढा पुरे:

| मोड | कमाल काउंट | १२ मेगाहर्ट्झला कमाल वेळ | ५०० काउंटसाठी रीलोड | पुन्हा कोण भरतं |
|---|---|---|---|---|
| ० | ८१९२ | ८.१९२ मिलिसेकंद | `F0H`, `0CH` | प्रोग्राम |
| १ | ६५५३६ | ६५.५३६ मिलिसेकंद | `FEH`, `0CH` | प्रोग्राम |
| २ | २५६ | २५६ मायक्रोसेकंद | `06H`, दोनदा | हार्डवेअर |
| ३ | २५६, दोन टायमर | २५६ मायक्रोसेकंद | `06H`, दोनदा | प्रोग्राम |

सगळं बरोबर, तरी वेळ जास्त: क्रिस्टल

ही तक्रार प्रोजेक्टच्या वेळी हमखास येते. आपल्याकडे आवडता प्रोजेक्ट म्हणजे संत्र्याच्या बगीच्यातल्या ठिबकची मोटार ठरावीक वेळ चालवून रिलेने स्टार्टर बंद करणं. लाईन थोडेच तास असते आणि त्यात प्रत्येक व्हॉल्व्हचा वाटा ठरलेला, म्हणून इथे वेळ अचूक हवाच. रीत सोपी आहे: मोड १ मध्ये ५० मिलिसेकंदांचा ठोका, असे २० ठोके म्हणजे एक सेकंद, ३६०० सेकंद झाले की मोटार बंद.

१२ मेगाहर्ट्झ धरून आकडा निघतो ६५५३६ − ५०००० = १५५३६, म्हणजे `3CB0H`. प्रोग्राममध्ये हाच असतो, पण बोर्डवर क्रिस्टल असतं ११.०५९२ मेगाहर्ट्झचं, कारण सीरियल पोर्टला ९६०० बॉड १२ वर नाही, त्याच्यावर नेमका मिळतो. त्यावर एक काउंट १ नव्हे, १.०८५ मायक्रोसेकंदांचा. ५० मिलिसेकंदांचे ५४.२५ होतात आणि एका तासाऐवजी मोटार ६५ मिनिटं ६ सेकंद चालते. चार व्हॉल्व्ह असतील तर शेवटच्याचे पंधरा मिनिटं गेले.

ओळखायची खूण: प्रत्येक वेळ एकाच प्रमाणात, साडेआठ टक्के जास्त. एक मिनिटाचा प्रयोग करा, ६५ सेकंद भरले तर क्रिस्टलचाच प्रश्न आहे. आकडा असा दुरुस्त करा:

```
11059200 / 12 = 921600 काउंट प्रति सेकंद
921600 / 20   = 46080 काउंट
65536 - 46080 = 19456 = 4C00H
```

४६०८० पूर्णांक आला, काही सोडावं लागलं नाही. मोड १ मध्ये रीलोडला लागणाऱ्या दहा-बारा सायकलींची इथे काळजी नको. ४६०८० मध्ये १२ म्हणजे तासाला एक सेकंदही नाही. मघाच्या ५०० काउंटच्या लहरीत त्याच १२ सायकली २.४ टक्के खात होत्या. काउंट जितके कमी तितका हा उशीर बोचतो.

१ किलोहर्ट्झच्या लहरीलाही हाच हिशोब लागतो. ११.०५९२ वर ५०० मायक्रोसेकंदांचे ४६०.८ काउंट होतात. पूर्णांक नाही, म्हणून ४६१ घ्या. मोड १ ला `FE33H`. मोड ० ला ८१९२ − ४६१ = ७७३१, त्याला ३२ ने भागून २४१, बाकी १९, म्हणजे `F1H` आणि `13H`. मोड २ ला २३० चे दोन भाग, `1AH`. प्रश्नात क्रिस्टल दिलं नसेल तर उत्तराच्या पहिल्या ओळीत आपण कुठलं धरलं ते लिहा. तपासणाऱ्याने मनात दुसरं धरलं असेल तर सगळे आकडे चुकीचे ठरतात.

मीटरवर काय दिसलं, त्यावरून दोष

डीएसओ नसला तरी हर्ट्झ मोजणारा साधा मल्टीमीटर पुरतो. ९७६ च्या आसपास दिसलं तर मोड १ चा रीलोडचा उशीर, चूक नाही. मोड २ मध्ये ९२२ दिसलं तर बोर्डवर ११.०५९२ आहे आणि आकडे १२ चे आहेत. ६९ म्हणजे मोड ० ची तोड. २०४९ म्हणजे मोड २ मध्ये `0C`. सुमारे ८ हर्ट्झवर एलईडी डोळ्यांना लुकलुकताना दिसला तर `TH` आणि `TL` ची अदलाबदल झाली आहे, किंवा मोड १ मध्ये फेऱ्यात पुन्हा रीलोड करायचं राहिलं आणि टायमर दरवेळी पूर्ण ६५५३६ मोजतो आहे. लेबल `HERE` दोन `MOV` च्या खाली गेलं की नेमकं हेच होतं.

टायमर मुळीच हलत नसेल तर `TMOD` बघा. त्यातला `GATE` बिट चुकून १ झाला असेल, तर `P3.2` वर १ असेपर्यंतच टायमर ० चालतो, आणि ती पिन जमिनीला जोडली असेल तर कधीच नाही. `TMOD` बिट-ॲड्रेसेबल नाही, त्यामुळे `SETB` ने त्याचा एकच बिट बदलता येत नाही. शिवाय टायमर १ साठी नंतर `MOV TMOD,#20H` लिहिलं तर टायमर ० चा मोड पुसला जाऊन मोड ० होतो. दोन्ही लागत असतील तर एकदाच, एकाच आकड्यात भरा: `MOV TMOD,#21H`.

आणि किट नसताना सिम्युलेटरवर पडताळायचं असेल, तर Keil मध्ये `Options for Target` मधल्या `Target` टॅबवर `Xtal (MHz)` चा रकाना आधी आपल्या क्रिस्टलचा करा. Proteus मध्ये नकाशावर काढलेलं क्रिस्टल वेग ठरवत नाही, मायक्रोकंट्रोलरवर डबल क्लिक करून `Clock Frequency` मध्ये जो आकडा असतो तो ठरवतो. हे दोन रकाने बघितल्याशिवाय रीलोड व्हॅल्यू खोडू नका.